खडीच्या रस्त्यावर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल कधी, किती सैल सोडायचं?

घाटमुसाफिर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःच आपटल्यामुळे लिहितोय.

मागच्या रविवारी पुण्याहून कोकणात उतरत होतो. घाटाचं काम चालू आहे, त्यामुळे साधारण दोन किलोमीटर रस्ता उखडून त्यावर खडी पसरलेली. माझी गाडी चारशे सीसीच्या आतली अ‍ॅडव्हेंचर बाईक. कॉर्नरिंग एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, दोन्हींना रोड आणि ऑफरोड असे मोड आहेत. (कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत धागा सर्व्हिस सेंटरवर जाईल.) सगळं रोडवरच ठेवलं होतं. म्हटलं, सुरक्षेसाठीच दिलंय ना.

दुसऱ्या गिअरमध्ये, काट्यावर ३० च्या आसपास. उजवीकडे वळणारं हेअरपिन दिसलं, मागचा ब्रेक दाबला. पायाखाली टकटकटक सुरू झालं आणि गाडी काही हळू होईना! पुढचा थोडा दाबला तर तिथेही बोटांना थरथर. वळण हुकलं आणि बाहेरच्या कडेला ठेकेदाराने ओतलेल्या खडीच्या ढिगात नाक घालून थांबलो. ढीग नसता तर काय, हा विचार नंतर रात्री आला.

संध्याकाळी त्याच रस्त्याने परत चढताना दुसरा अंक. हेअरपिनच्या मध्यावर मागचं चाक थोडं फिरलं, लगेच इंजिनाने मान टाकली, गाडी जागीच थांबली आणि आतल्या बाजूला आडवी. क्लच लिव्हरचं टोक गेलं.

प्रश्न सरळ आहे. अशा रस्त्यावर हे सगळं बंद करायचं का, की थोडं कमी करायचं? आणि नेमकं कधी?

रांगडा_गडी
भावा, सगळं बंद कर आणि बिनधास्त चालव. आमच्या बापाने राजदूतवर अख्खा पन्हाळा पालथा घातला, त्याला कुठला आलाय एबीएस? ही सगळी इलेक्ट्रॉनिक्स डांबरासाठी. खडीला फक्त उजवा मनगट आणि डावा क्लच.

घाटमुसाफिर
राजदूतचा ब्रेक दाबून गाडी थांबायचीच कुठे, म्हणून एबीएस लागत नसणार :)

सुपारीवाली
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. माझी हिमालयन ४५० आहे. त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं, ट्रॅक्शन कंट्रोल मुळातच नाही. त्यामुळे अर्धाच प्रश्न मला लागू. वाचतेय.

पाना_नंबर_दहा
घाटमुसाफिर, तुमच्या दोन्ही घटना वेगळ्या आहेत आणि उत्तरंही वेगळी. आधी उतारावरची घेऊ.

एबीएसला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त दोन्ही चाकांचा वेग कळतो आणि कॉर्नरिंगवालं असेल तर गाडी किती कललीय, पुढे किती झुकलीय तेही कळतं. चाक अचानक मंद झालं की ते समजतं की चाक आता अडकणार, आणि ब्रेकचा दाब सोडतं. डांबरावर हे बरोबरच आहे. सुट्या खडीवर मात्र चाक पदोपदी अडकायला बघतं, एबीएस पदोपदी दाब सोडतं. तुमच्या पायाखालची टकटक म्हणजे तेच. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं, आणि गाडी पुढेच.

आता खडीचा थर जाड असेल, चार बोटं वगैरे, तर अडकलेलं मागचं चाक खडीत रुततं आणि स्वतःपुढे खडीची छोटी मेढ, म्हणजे ढिगारा, तयार करतं. ती मेढच गाडीला थांबवते. चाक फिरतं ठेवलं तर मेढ बनतच नाही. म्हणून जाड थरावर मागचं एबीएस बंद केलेलं बरं.

पुढच्या चाकाचं गणित निराळं. मागचं चाक अडकलं तर गाडी शेपूट हलवते, ते सांभाळता येतं. पुढचं अडकलं की हँडलला काही अर्थ उरत नाही, पापणी लवायच्या आत तुम्ही जमिनीवर. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या ऑफरोड मोडमध्ये मागचं बंद होतं आणि पुढचं चालूच राहतं, फक्त जरा उशिरा हात घालतं. केटीएमच्या ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये तेच आहे, आणि त्या मोडमध्ये कॉर्नरिंगचा भागही बाजूला पडतो.

रांगडा_गडी, "सगळं बंद" मधलं मागचं मान्य. पुढचं नाही.

रांगडा_गडी
बरं, पुढचं राहू द्या. पण निम्मं तरी माझंच बरोबर निघालं की नाही?

चकाट्या_पिटणारा
निम्मं बरोबर म्हणजे एका चाकावर बरोबर. त्याला व्हीली म्हणतात.

वऱ्हाडी_स्पोक
आमच्याकडे खडी नाही म्हणत राजेहो, गिट्टी म्हणतात. अन् तिच्यावर जो बारीक भुगा टाकतात ती चुरी. धाग्याचं नाव बदला.

सुपारीवाली
भुगा म्हणजे आमच्याकडे कच. पावसात कच धुवून जातो आणि खडी सुटी पडते. मग जी मजा येते ती विचारू नका.

पाना_नंबर_दहा
हसू नका, हा फरक महत्त्वाचाच आहे. खाली कडक डांबर किंवा दाबलेला मुरूम, आणि वर खडीचे दाणे विखुरलेले, एका दाण्याच्या जाडीचा थर. असा रस्ता घाटात फार असतो, विशेषतः खड्डे बुजवून कामगार निघून गेल्यावर. तिथे अडकलेलं चाक कशात रुतणार? खाली कडक आहे. ते दाण्यांवर गोट्यांसारखं घरंगळतं. मेढ बनत नाही, म्हणजे एबीएस बंद करून काही मिळत नाही, उलट शेपूट बाजूला जाते. तिथे रोड मोडच ठेवा आणि वेग कमी करा.

तेव्हा मोड बदलायच्या आधी एकच बघायचं. टाच रोवून पाहा, बूट आत जातो का. बूट दोन-तीन बोटं आत गेला तर मागचं बंद. दाणे बुटाखाली घरंगळून कर्र करून खालचं डांबर लागलं तर हात लावू नका.

घाटमुसाफिर
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या रस्त्यावर दोन्ही प्रकार होते. वर पातळ, आणि हेअरपिनच्या तोंडाशी ट्रक वळून वळून सगळी खडी बाहेरच्या कडेला जमा झालेली. मी अर्थातच त्या कडेलाच गेलो.

सेडानकाका
माझ्या गाडीत एबीएस, ईएसपी, हिल होल्ड सगळं आहे. खडीवर कधी प्रॉब्लेम आला नाही. मग तुम्हालाच का येतो? टायरमध्ये नायट्रोजन भरून पाहा.

चकाट्या_पिटणारा
काका, तुमच्या गाडीला चार चाकं आहेत. अडकली तरी उभी राहते.

डेन्व्हरचा_देशपांडे
इथे कोलोरॅडोत डोंगरात मैलोन् मैल कच्चे रस्ते आहेत. सुट्या खडीपेक्षा मला जास्त त्रास देतो तो पन्हळी पत्र्यासारखा झालेला रस्ता. गाड्यांच्या ये-जा करण्याने आडव्या लाटा पडतात. त्यावर ब्रेक मारला की चाक लाटेच्या माथ्यावरून क्षणभर हवेत जातं, ब्रेक त्याला हवेतच थांबवतो, आणि एबीएसला वाटतं की चाक घसरलं. ते दाब सोडतं. चाक खाली टेकतं तेव्हा दाब नसतो. पुन्हा दाब येईपर्यंत पुढची लाट. उतारावर हे सुरू झालं की ब्रेक लिव्हर ही शोभेची वस्तू आहे असं वाटायला लागतं.

माझी आफ्रिका ट्विन आहे. तिच्यात ग्रॅव्हल मोड आहे, शिवाय मागचं एबीएस वेगळं बंद करता येतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलला सात पायऱ्या आहेत. मी अशा रस्त्यावर मागचं एबीएस बंद आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोनवर ठेवतो. पूर्ण बंद कधीच नाही. हजार सीसीचं इंजिन आहे, मनगट एवढंसं जास्त फिरलं की मागचं चाक पुढच्याला भेटायला येतं.

नवखी_राईडर
सात पायऱ्यांत दोन म्हणजे जास्त की कमी? मैत्रिणीच्या गाडीवर मी एकवर टाकून "आता सगळ्यात सुरक्षित" असं समजून चढावर गेले होते. मागचं चाक फिरफिर फिरलं.

डेन्व्हरचा_देशपांडे
आफ्रिका ट्विनवर आकडा लहान तर हस्तक्षेप कमी. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम ८०० डीईवरही एक म्हणजे सर्वात कमी, शिवाय खडीसाठी वेगळा "जी" मोड आहे. दुसऱ्याची गाडी घेतली की आधी सपाटीवर थोडं थ्रॉटल देऊन बघावं की हा आकडा कुठल्या बाजूला धावतो.

मिशीवाले_मास्तर
मूळ प्रश्नात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली. घाटमुसाफिर ३० ने का जात होते?

मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, सवय जात नाही. सुट्या खडीवर चांगला चालवणारा माणूस दोन्ही ब्रेक वापरून दर सेकंदाला साधारण तीन मीटर प्रति सेकंदाने वेग कमी करू शकतो, असं धरा. सपाटीवर ३० वरून थांबायला साडेअकरा मीटर लागतील. हे फक्त ब्रेकचे. "अरे!" म्हणून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात आठ मीटर गेले ते वेगळे.

आता घाट उताराचा आहे. शंभर मीटरला दहा मीटर उतार धरला तर गुरुत्वाकर्षण त्या तीनातला जवळपास एक खाऊन टाकतं. उरले दोन. साडेअकराचे सतरा मीटर झाले. म्हणजे तुम्हाला जे "एबीएसने ब्रेक सोडला" असं वाटलं, त्यातला मोठा वाटा उताराचाच असणार.

आणि त्याच उतारावर २० ने गेला असतात तर? आठ मीटरपेक्षा कमी. कुठलाही मोड तुम्हाला नऊ मीटर परत देणार नाही. ते दहा किलोमीटर कमी केल्याने मिळाले असते.

रांगडा_गडी
मास्तर, वर्गात मागच्या बाकावर होतो, पण हे समजलं.

पाना_नंबर_दहा
मास्तरांशी ९० टक्के सहमत. पण एक पुस्ती जोडतो. ते तीन मीटर मिळणार ब्रेक नीट चालला तर. रोड मोडमध्ये जाड थरावर ते तीन मिळतच नाहीत, दोन-सव्वादोन मिळतील, आणि उताराचा एक वजा केला की हातात एक. तेव्हा मोडचा फरक सपाटीवर किरकोळ वाटतो, उतारावर तोच दुप्पट होऊन दिसतो. वेगही कमी हवा आणि मोडही बरोबर हवा. हे एकमेकांना पर्याय नाहीत.

मिशीवाले_मास्तर
तुमचे दोन-सव्वादोन कुठून आले?

पाना_नंबर_दहा
गॅरेजमागच्या मोकळ्या प्लॉटवरून आणि पंचवीस वर्षांच्या खरचटलेल्या गुडघ्यांवरून. यंत्र लावून मोजलं नाही, हे कबूल.

हिरवट_हेल्मेट
ऐका, मुळात कॉर्नरिंग एबीएस कशासाठी असतं? गाडी डांबरावर पस्तीस-चाळीस अंश कललेली असताना घाबरून पुढचा ब्रेक ओढला तर. तेव्हा दाब हळू चढवतं, गाडी उभी होऊन सरळ दरीकडे जाऊ नये म्हणून. खडीवर तुम्ही एवढं कलतच नाही. खडीचं वळण म्हणजे ब्रेक वळणाच्या आधी, गाडी शक्य तितकी सरळ, आणि अंग बाहेरच्या पेगवर टाकून गाडीला शरीराखाली झुकवायचं. म्हणून ऑफरोड मोडमध्ये कॉर्नरिंगचा भाग गेला तर खडीवर फारसं नुकसान नाही.

नुकसान होतं ते खडी संपल्यावर. माझ्या मित्राचं झालं. दोन किलोमीटर खडी ऑफरोडमध्ये नीट काढली, पुढे गुळगुळीत डांबर लागलं, खूश होऊन कलत निघाला. मोड तसाच. ओल्या वळणावर मागचा ब्रेक दाबला, चाक अडकलं, गाडी आडवी. खडीवर पडला नाही, खडीनंतर पडला.

सुपारीवाली
हिमालयनवर मला हे दोनदा लक्षात आलं, सुदैवाने न पडता. स्क्रीनवर एबीएसचं चिन्ह पेटलेलं असतं पण डोळे रस्त्यावर. मी आता खडी संपली की चहाला थांबते. किल्ली फिरवून गाडी बंद करून पुन्हा चालू केली की एबीएस परत येतं.

पाना_नंबर_दहा
बहुतेक गाड्यांत येतं. पण उलटंही लक्षात ठेवा. उतारावर मध्येच फोटोला थांबून किल्ली बंद केली तर पुढच्या खडीवर तुम्ही पुन्हा रोड मोडमध्ये असता. काही नव्या गाड्यांत बंद केल्यानंतरही ऑफरोड सेटिंग लक्षात राहतं. प्रत्येक कंपनीचं वेगळं, तेव्हा एकदा घराच्या पार्किंगमध्ये किल्ली चालू-बंद करून, मग किल स्विचने बंद करून, असं दोन्ही प्रकारे पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

वऱ्हाडी_स्पोक
आता थोडं अवांतर. मी पुढच्या चाकाला मोठ्या गुट्ट्यांचा टायर टाकला, मूळ मापापेक्षा जरा उंच. तेव्हापासून डांबरावरही ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा उगाच लुकलुकतो, गाडी मधूनच गचका देते. सेन्सर गेला का?

पाना_नंबर_दहा
सेन्सर नसावा. ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगांची तुलना करतं. टायरची उंची बदलली की एक चाक किलोमीटरमागे कमी-जास्त फेरे मारायला लागतं आणि कॉम्प्युटरला वाटतं काहीतरी घसरतंय. मागचा टायर कोणता आहे?

वऱ्हाडी_स्पोक
मागचा कंपनीचाच. घासून गोटा झालाय.

पाना_नंबर_दहा
तेच. घासलेला मागचा म्हणजे आणखी लहान, उंच पुढचा म्हणजे आणखी मोठा. आधी मागचा बदला आणि पुढे मूळ मापाचा टाका. मापात राहूनही गुट्टे मिळतात.

घाटमुसाफिर
सगळ्यांचे आभार. पण माझी चढावरची घटना राहिली. तिथे वेग दहा-बाराच होता, मास्तरांचं गणित लागू नाही.

डेन्व्हरचा_देशपांडे
चढावरच्या हेअरपिनला आतली बाजू सर्वात उभ्या चढणीची असते, वेग सर्वात कमी असतो आणि वजन मागे गेल्याने मागचं चाक सगळं ओढत असतं. त्या जागी चाक थोडं फिरणं स्वाभाविक आहे. थोडं फिरलं तरच ते खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतं. रोड मोडला थोडंसुद्धा फिरणं मान्य नाही. ते इंजिनाची ताकद कापतं. डांबरावर कापली तर गाडीला वेगाचा जोर असतो, ती पुढे जाते. इथे दहाच्या वेगात जोर कुठला? ताकद गेली, गाडी थांबली, पाय टेकवायला गेलात तर आतल्या बाजूची जमीन पायाखाली नाहीच.

घाटमुसाफिर
अगदी शब्दशः हेच झालं. पाय टेकला तो हवेत.

डेन्व्हरचा_देशपांडे
म्हणून चढाच्या आधी, वळणात नाही, ऑफरोड ट्रॅक्शन किंवा खालची पायरी लावा. मग थ्रॉटल एका जागी ठेवा आणि बारीक कमीजास्त क्लचने करा. बाहेरच्या कडेने मोठा वळसा घ्या. नजर वळणाच्या पुढच्या टोकावर.

हिरवट_हेल्मेट
इथे मी वेगळं म्हणेन. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या गाडीवर चढाला ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद केलं तरी चालतं. ऑफरोड मोडही माझ्या अनुभवात चुकीच्या क्षणी मान टाकतो. मी बंदच ठेवतो.

डेन्व्हरचा_देशपांडे
तुम्ही किती वर्षं चालवताय?

हिरवट_हेल्मेट
चौदा.

डेन्व्हरचा_देशपांडे
मग तुमचं मनगटच ट्रॅक्शन कंट्रोल आहे. धागाकर्त्याला तो सल्ला देऊ नका. पूर्ण बंद केल्यावर खडीत चाक फिरलं, घाबरून थ्रॉटल एकदम सोडला किंवा मध्येच चाकाला डांबराचा तुकडा मिळाला, तर गाडी असा झटका देते की माणूस हँडलवरून पुढे जातो. शिवाय जाड खडीत सतत चाक फिरवलं तर ते पुढे जात नाही, विहीर खणतं.

हिरवट_हेल्मेट
विहिरीचं मान्य. बाकी मतभेद कायम.

लाहौलकर_मावशी
(आयडीवर जाऊ नका, मी नाशिकची. तिकडे तीनदा गेले म्हणून लेकाने ठेवलेलं नाव.)

स्पितीतून परत येताना लोसरवरून कुंझुम खिंड ओलांडून बातल, छत्रू, ग्राम्फू असा रस्ता लागतो. त्यावर खडीचे, गोट्यांचे आणि पाण्याचे ओहोळ एकामागोमाग येतात. तिथे दर वळणाला मोड बदलत बसलं तर मनालीला पोचायला दिवाळी येईल. मी कुंझुमच्या उताराआधी थांबून एकदाच ठरवते. मागचं एबीएस बंद, ट्रॅक्शन कमी, आणि पहिला गिअर. थेट मनालीकडचं डांबर लागेपर्यंत तेच. उतारावर इंजिनच्या ब्रेकवर निम्मं काम होतं, पाय नुसता टेकलेला.

फक्त एक. खाली गिअर टाकताना क्लच धाडकन सोडू नका. इंजिनामुळे मागचं चाक अडकलं तर एबीएस काही करू शकत नाही, ते फक्त ब्रेक सोडू शकतं, इंजिन नाही. मी पहिल्या वर्षी असंच शेपूट फिरवून छत्रूच्या चहावाल्यासमोर तोंडावर पडले. त्याने आधी चहा दिला, मग गाडी उचलली.

नवखी_राईडर
मावशी, दंडवत! मागे कुणी बसलं असेल तर?

लाहौलकर_मावशी
मागे कुणी असेल तर मी मागचं एबीएस चालूच ठेवते. शेपूट हलली की मागचा माणूस उलट्या बाजूला झुकतो आणि ते सांभाळणं माझ्याच्याने होत नाही.

पाना_नंबर_दहा
मी उलट करतो. मागे वजन असलं की मागच्या चाकाला पकड जास्त, ते सहज अडकत नाही, आणि अडकलं तरी सरळ राहतं. बंद ठेवून फायदाच होतो.

लाहौलकर_मावशी
तुमच्या मागे बसणाऱ्याला विचारून लिहिलंत का?

पाना_नंबर_दहा
नाही. तिने वाचलं तर मीच मागे बसेन.

सेडानकाका
नायट्रोजनबद्दल कुणीच बोललं नाही.

चकाट्या_पिटणारा
काका, हवेत आधीच ७८ टक्के आहे. बोनस म्हणून घ्या.

सुपारीवाली
हवेवरून आठवलं. मी खडीआधी दोन्ही टायरमधली हवा तीन-चार पीएसआय कमी करते. मोडपेक्षा त्याचा फरक आधी जाणवतो. पण छोटा पंप बरोबर असेल तरच करा. डांबरावर तशीच कमी हवा घेऊन सामानासकट वेगात गेलात तर टायर तापतो.

घाटमुसाफिर
(दोन आठवड्यांनी)

आज सकाळी गावाबाहेर क्रशरकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यावर गेलो. मोबाइल खिशात, बरोबर एक भाऊ. काट्यावर २५, फक्त मागचा ब्रेक, ठरलेल्या दगडापाशी दाबायचा आणि थांबलो तिथून भावाने पावलं मोजायची. प्रत्येक प्रकार पाच वेळा.

जाड थरावर, जिथे बूट दोन बोटं आत जात होता, मागचं एबीएस चालू असताना सरासरी १९ पावलं लागली. बंद केल्यावर १४. चाकाच्या मागे चर पडलेला दिसत होता आणि पुढे खरंच खडीची मेढ, पानादादा म्हणाले तशीच. भावाने फोटो काढलाय.

मग पातळ थराच्या जागी. चालू असताना १३, बंद असताना १४. म्हणजे काहीच मिळालं नाही, वर पाचपैकी दोनदा गाडीची शेपूट हातभर बाजूला गेली.

मग २५ ऐवजी १५ ने, जाड थरावर, एबीएस चालू ठेवून. सात पावलं. मास्तर, नमस्कार घ्या.

मिशीवाले_मास्तर
घेतला. पंधरा आणि पंचवीसच्या वर्गांचं गुणोत्तर काढा. एकोणीस गुणिले ते, सात येतात का पाहा.

रांगडा_गडी
०.३६ × १९ = ६.८४. आलं! मास्तर, मागचा बाक बघताय ना?

हिरवट_हेल्मेट
चांगलं केलंत. पण हे सपाट आणि सरळ. तुम्ही पडलात ते वळणावर. तिथे हे आकडे तसेच लागू होतील असं समजू नका.

घाटमुसाफिर
नाही समजत. चढावरचं अजून करून बघायचंय, क्लच लिव्हर नवीन आलाय. दोन लिव्हर घेतले, एक डिकीत.